अंगावरची झोप

मांडीवर, खांद्यावर किंवा छातीशी बांधलेल्या कापडात बाळाने घेतलेली झोप. पहिल्या तीन-चार महिन्यांत अनेक बाळे फक्त अशीच झोपतात आणि पाळण्यात ठेवताच जागी होतात. घरातली मोठी माणसे याला ‘हातावरची सवय’ म्हणतात. पण बाळ सवयीमुळे किंवा लाडावल्यामुळे जागे होत नाही. त्यामागे शरीराचे कारण आहे.

कारण : जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटे न थांबता चालले की बाळे शांत होत आणि त्यांतली बरीच झोपीही जात. मात्र खाली ठेवल्यावर एक तृतीयांशाहून अधिक बाळे २० सेकंदांत जागी झाली. गादीला पाठ टेकण्यापूर्वीच, आईच्या अंगापासून सुटू लागताच बाळाचे ठोके वाढत होते. झोप लागून जास्त वेळ झालेली बाळे मात्र सहसा जागी झाली नाहीत. म्हणून संशोधकांनी पाच मिनिटे चालून नंतर पाच ते आठ मिनिटे बाळाला घेऊन बसावे, मग खाली ठेवावे, असे सुचवले.

बांधून घेणे : हैदराबादच्या नीलोफर रुग्णालयासारख्या ठिकाणी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात. ही ‘कांगारू मातृसेवा’ परिचारिकांच्या देखरेखीखाली चालते. घरी कापडी स्लिंग किंवा कॅरियरमध्ये बाळाला बांधणे ही वेगळी गोष्ट आहे. कापड घट्ट असावे, बाळाचा चेहरा सतत दिसावा, आणि मान थोडी वाकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता यावा इतके ते वर असावे. हनुवटी आणि छाती यांत एक-दोन बोटे मावली पाहिजेत. पाठीला आधार असावा आणि गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर असावेत. हनुवटी छातीवर दबली, तर श्वास कोंडू शकतो, आणि बाळ रडेलच असे नाही. कण्हल्यासारखा श्वास, फुगणाऱ्या नाकपुड्या किंवा ओठांचा निळसर रंग दिसला, तर बाळाला लगेच बाहेर काढावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. चार महिन्यांच्या आतली, मुदतपूर्व जन्मलेली आणि सर्दी झालेली बाळे यांना धोका अधिक असतो. हैदराबादच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो. तेव्हा बांधायचे कापड हाही एक कपडा धरावा आणि आत पातळ झबलेच पुरे. मानेमागे हात लावून बाळ तापले आहे का, ते पाहावे.

बाळ अंगावर असताना मोठ्या माणसाने जागे राहावे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळासह डोळा लागणे विशेष धोक्याचे असते, कारण बाळ फटीत घसरून गुदमरू शकते. डोळे मिटू लागले की बाळ आजीकडे द्यावे किंवा पाळण्यात ठेवावे, मग ते रडले तरी चालेल.

पाळण्याकडे वळवणे : उदाहरणादाखल काचीगुड्यातल्या एका फ्लॅटमधले साडेतीन महिन्यांचे बाळ घेऊ. दिवसाच्या सगळ्या झोपा अंगावरच राहू द्याव्यात आणि बदल फक्त रात्रीच्या पहिल्या झोपेत करावा, कारण तेव्हा झोप सर्वांत गाढ असते. साडेआठला दूध पाजून व्हरांड्यात एकसारख्या चालीने पाच मिनिटे चालावे. झोप लागल्यावर आठ मिनिटे बसावे. मग वाकून आपली छाती बाळाला चिकटलेलीच ठेवत आधी ढुंगण, मग पाठ आणि शेवटी डोके टेकवावे. हात लगेच काढू नये. बाळाच्या छातीवर तळवा हलकेच ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे. बाळ चाळवले, तर ‘शू शू’ करत थोपटावे. रडू वाढले की उचलावे. रात्री दोनदा प्रयत्न पुरे. पहिली झोप नीट बसली की सकाळची झोप घ्यावी. ४०–५० मिनिटांनी जाग आली, तर पद्धत चुकली असे नाही, एक झोपचक्र पुरे झालेले असते.

पाळण्याची गादी सपाट व कडक असावी आणि बाळाला उताणेच ठेवावे. मोहरीची उशी, लोड, दुलई, गळ्यातला ताईत हे सगळे काढावे. मच्छरदाणी ताणून बांधावी. बाळ कुशीवर वळू लागले की दुपट्यात गुंडाळणे बंद करावे. साडीची झोळी ही मधली पायरी मानू नये, कारण तिच्या खोलगट तळात हनुवटी छातीवर येते.

मर्यादा : बाळ फक्त उभे धरल्यावरच झोपत असेल, दूध पिताना पाठ ताणून रडत असेल, वजन वाढत नसेल किंवा ताप असेल, तर झोपेचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.