पटकीचा आकडा

आमच्या जेऊरकडची म्हातारी माणसे पटकीला 'पटकी' म्हणत नसत. 'मरीआई आली' म्हणत. मग मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे लोटायचा. रोग त्याने हटत नसे. भीती मात्र गावोगाव पोचत असे. वर्तमानपत्रातला नुसता आकडा पुष्कळदा या गाड्याचेच काम करतो.

जुलै 2022 मधली मेळघाटची गोष्ट घ्या. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन लोक आजारी पडले. पहिल्या बातम्यांत तीन मृत्यू आणि पन्नासच्या आसपास रुग्ण होते. चार-पाच दिवसांनी अमरावती जिल्ह्याचा आकडा आला: 181 रुग्ण, पाच मृत्यू. वाचणाऱ्याला वाटावे, साथ तिपटीहून जास्त भडकली!

पण हे दोन आकडे एका मापाचे नव्हेत. पहिला दोन गावांचा, दुसरा जिल्ह्याचा. शिवाय दवाखान्याच्या नोंदवहीत आधी 'जुलाब-वांती' एवढेच लिहिले जाते. पटकी आहे की नाही हे शौचाच्या नमुन्यात जंतू वाढवून पाहिल्यावर ठरते आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा आरोग्य अधिकाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारावा: यांतले संशयित किती, तपासणीने ठरलेले किती आणि हा आकडा कोणत्या तारखेपर्यंतचा?

दुसरी मेख दिवसांची. दूषित पाणी पोटात गेल्यापासून काही तासांत, फार तर पाच दिवसांत पटकी उमटते. म्हणून विहीर आज बंद केली तरी आणखी पाच दिवस नवे रुग्ण येऊ शकतात. ही गोष्ट आधीच छापली, तर चौथ्या दिवशीचा रुग्ण पाहून लोक 'उपाय फसला' म्हणून गाव सोडत नाहीत. सहाव्या दिवसानंतरही नवे आजारी पडू लागले, तर मात्र पाणी अजून कुठेतरी दूषित आहे असे समजून शोध घ्यावा.

आता मृत्यूंचा हिशेब करू. पन्नासांत तीन म्हणजे शेकडा सहा. 181 मध्ये पाच म्हणजे शेकडा तीनाहूनही कमी. रुग्ण वाढले, प्रमाण उतरले. म्हणून निर्धास्त व्हावे काय? तेही नाही. वेळेवर मीठ-साखरेचे पाणी व सलाईन मिळाले, तर पटकीत शंभरात एकही दगावू नये असा वैद्यकाचा दंडक आहे. तेव्हा 'परिस्थिती आटोक्यात' एवढ्या निवेदनावर बातमीदाराने थांबू नये. दगावलेले दवाखान्यात केव्हा पोचले, हे विचारावे.

बातमीत शेवटी विहिरीचे नाव, चांगले पाणी कोठे मिळते आणि जुलाब लागताच जायचे ठिकाण एवढे असले, की घाबरण्याऐवजी माणूस पाणी उकळायला ठेवतो.