नऊ डॉलर, पंधरा सेंट

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात १९७४ साली ‘क्लस्टर स्कूल’ नावाची एक छोटी शाळा सुरू झाली. एका मोठ्या हायस्कूलच्याच आत, साठेक मुलांची. शाळेचे नियम दर आठवड्याच्या सभेत ठरत. शिक्षक असो वा विद्यार्थी, प्रत्येकाला एकच मत.

ही कल्पना हार्वर्डच्या लॉरेन्स कोलबर्गची. प्रामाणिकपणा, सेवा, शिस्त अशा सद्गुणांची यादी करून त्यावर व्याख्यानं देण्याचा त्याला तिटकारा होता. त्याऐवजी तो मुलांपुढे पेच ठेवायचा. बायको मरायला टेकली आहे, औषध परवडत नाही, दुकानदार ऐकत नाही. मग नवऱ्याने चोरी करावी का? उत्तर हो की नाही, याला महत्त्व नव्हतं. कारण काय देता, हे महत्त्वाचं. त्याचा विद्यार्थी मोशे ब्लाट याने वर्गात अशा चर्चा घेतल्या, तेव्हा काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची विचार करण्याची रीत एक पायरी वर गेली.

पण एक अडचण उरली. गोष्टीतल्या चोरीवर सुंदर बोलणारा मुलगा शेजारच्याचं पाकीट मारणार नाही, याची हमी कोण देणार? म्हणून पेच गोष्टीतला नको, शाळेतलाच हवा, असं कोलबर्गला वाटू लागलं.

तो आपणहून आला. पहिल्या वर्षी शाळेत चोऱ्या झाल्या. मुलांनी चोरीविरुद्ध नियम केला, शिक्षा ठरवली आणि विषय संपवला. ज्याचं गेलं त्याचं नशीब, असाच एकूण सूर होता. दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. कोणी कबूल होईना. सभेत प्रस्ताव आला: सगळ्यांनी पंधरा-पंधरा सेंट काढून तिचे पैसे भरून द्यायचे.

खरा वाद इथे पेटला. चोरी मी केली नाही, मग पैसे मी का भरू? हा प्रश्न रास्तच होता. पण प्रस्ताव मांडणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं: आपल्यातलं कोणी चोरी करतं आणि बाकीचे गप्प बसतात, म्हणजे दोष सगळ्यांचाच. शेवटी ठरलं, की पैसे परत आले नाहीत तर सर्वांनी भरायचे. त्यानंतर काही वर्षं शाळेत चोरी झाली नाही, असं कोलबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं आहे.

पंधरा सेंट ही रक्कम किरकोळ. पण ती खिशातून जाणार होती, म्हणून ‘आपण एकमेकांचे कोण?’ हा प्रश्न मुलांना टाळता आला नाही.

या पद्धतीत धोकाही होता. सभेत शिक्षकही बाजू घेत. त्यांचं मत एकच, पण वजन जास्त. शिक्षक बोलला की मुलं त्याच्याच मागे जायला लागली, तर ती चर्चा राहत नाही. जुनं व्याख्यानच वेश बदलून परत येतं. ओळखायची खूण सोपी आहे: शिक्षकाचा प्रस्ताव सभेत कधी पडतो का?