खुर्ची तिथेच राहिली, सत्ता हलली : रोमचं प्रजासत्ताक कसं संपलं

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. ती ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडचा माल आपल्या पंचगंगेच्या काठापर्यंत पोचत होता, याची ती खूण. तो व्यापार भरात आला तेव्हा रोममध्ये सम्राट होता. पण त्याच्या आधी जवळपास पाचशे वर्षं तिथं राजा नव्हता, निवडून आलेले अधिकारी होते. मग हे झालं कसं? कोडोलीतल्या या व्याख्यानात आपण तेवढाच एक प्रश्न घेणार आहोत.

आधी जुनी व्यवस्था बघू. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमकरांनी राजाला हाकललं. त्याच्या जागी त्यांनी दोन कॉन्सल नेमले, आणि तेही एकाच वर्षासाठी. दोघांचा अधिकार सारखा, त्यामुळे एकानं काढलेला हुकूम दुसरा अडवू शकत असे. सामान्य लोकांच्या बाजूनं दहा ट्रिब्यून असत. त्यांच्यापैकी एकानं ‘नाही’ म्हटलं की काम थांबलं, आणि ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हे पाप मानलं जाई. सिनेट म्हणजे माजी अधिकाऱ्यांची सभा. कायद्यानं ती फक्त सल्ला द्यायची, पण तो सल्ला सहसा कुणी मोडत नसे. अगदीच संकट आलं तर एक डिक्टेटर नेमत, पण त्याची मुदत सहा महिने. म्हणजे सत्तेला तीन लगाम होते : मुदत, जोडीदार आणि नकाराधिकार. हे तीन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट ते कसे सुटले याचीच आहे.

मुदतीचा लगाम आधी सैल झाला. रोमचा मुलूख वाढला, युद्धं दूरवर होऊ लागली आणि एका वर्षात ती संपेनात. सेनापतीला मुदतवाढ देणं भाग पडलं. त्यात इ.स.पू. १०७ मध्ये मारियस नावाच्या कॉन्सलनं जमीन नसलेली माणसं सैन्यात भरती केली. आता असा विचार करा : युद्ध संपल्यावर या शिपायाला घर ना शेत. त्याला जमीन कोण मिळवून देणार? सिनेट टाळाटाळ करते, सेनापती मात्र शब्द देतो. साहजिकच शिपायाची निष्ठा रोमपेक्षा सेनापतीकडे वळली.

याचा परिणाम इ.स.पू. ८८ मध्ये दिसला. सुल्ला हा कॉन्सल होता. पूर्वेकडच्या मोहिमेची सूत्रं त्याच्याकडून काढून लोकसभेनं मारियसला दिली. सुल्लानं फौज थेट रोमवर आणली. त्याच्या अधिकाऱ्यांपैकी एक सोडून सारे त्याला सोडून गेले, पण शिपाई राहिले! पुढे तो मुदत न घातलेला डिक्टेटर झाला, विरोधकांच्या नावांच्या याद्या लावून त्यानं त्यांना मारलं, आणि शेवटी आपण होऊन पायउतार झाला. माणूस गेला, पण वाट सगळ्यांनी पाहिली होती.

त्या वाटेनं सीझर गेला. गॉल प्रांताची सूत्रं त्याला पाच वर्षांसाठी मिळाली होती, ती आणखी पाच वर्षांनी वाढवली गेली. इ.स.पू. ४९ मध्ये तो फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडून आला. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला तो ‘कायमचा डिक्टेटर’ झाला, आणि १५ मार्चला सिनेटरांनीच त्याला भोसकलं. का? तर त्यानं मुदतच पुसून टाकली, तीही उघडपणे. मारेकऱ्यांना वाटलं, माणूस गेला की जुनी घडी परत बसेल. पण फौजा तशाच होत्या, आणि जमिनीची वाट बघणारे शिपाईही तसेच.

सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. त्यानं फौजेच्या जोरावर एकोणिसाव्या वर्षी कॉन्सलपद घेतलं, यादवी युद्धं जिंकली आणि इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमला शेवटचा प्रतिस्पर्धी अँटनी याला हरवलं. आता सगळी सत्ता त्याच्या हातात होती. पण सीझरचं काय झालं तेही त्याला ठाऊक होतं. इथं खरी गंमत सुरू होते.

इ.स.पू. २७ च्या जानेवारीत तो सिनेटसमोर उभा राहिला आणि ‘सारे अधिकार परत घ्या’ म्हणाला. सिनेटनं आग्रह करून स्पेन, गॉल, सीरिया असे प्रांत दहा वर्षांसाठी त्याच्याकडे ठेवले, आणि ‘ऑगस्टस’ ही पदवीही दिली. आता हे प्रांत कोणते? जिथं बहुतेक सगळं सैन्य होतं तेच. दहा वर्षांची मुदतही पुढे दर वेळी वाढत गेली.

दुसरी पायरी इ.स.पू. २३ मधली. तोवर तो दर वर्षी कॉन्सल होत असे, ते पद त्यानं सोडलं. मग हातात राहिलं काय? एक, बाकीच्या सुभेदारांपेक्षा वरचढ लष्करी अधिकार. दोन, ट्रिब्यूनचे अधिकार. ट्रिब्यूनचं पद नव्हे, नुसते अधिकार. कुलीन घराण्यातल्या माणसाला ते पद घेताच येत नव्हतं. आता तो कुणाचाही हुकूम अडवू शकत होता, पण त्याला अडवणारा बरोबरीचा जोडीदार नव्हता. दर वर्षी नवे कॉन्सल निवडले जात, सिनेट भरत असे, ट्रिब्यूनही होते. एकही पद रद्द झालं नाही. पदातून सत्ता तेवढी काढून घेतली, आणि ती एका माणसाकडे गोळा झाली.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनंतर पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच येत राहिली, कारभार मात्र पुण्यातून चालला. फरक एवढाच की तिथं राजाच्या नावाखाली सत्ता प्रधानाकडे गेली, आणि रोममध्ये प्रजासत्ताकाच्या नावाखाली राजा आला.

मग लोकांनी विरोध का केला नाही? शंभर वर्षांच्या यादवीनं ते थकले होते. जुन्या घराण्यांतले कितीतरी जण मेले होते. शिपायांना जमीन मिळाली, शहराला धान्य मिळालं. आणि ऑगस्टस पंचाहत्तरीपर्यंत जगला. इ.स. १४ मध्ये तो वारला, तेव्हा राजाशिवायचं रोम डोळ्यांनी पाहिलेला माणूस सापडणं कठीण होतं. टायबेरियसला त्यानं हयातीतच तेच अधिकार देऊन ठेवले होते. त्याच वर्षी अधिकाऱ्यांची निवड मतदारांच्या मैदानातून सिनेटमध्ये गेली, आणि फारशी कुरकुरही झाली नाही.

शेवटी एक पुरावा देतो, तोही आपल्या देशातला. ऑगस्टसची चांदीची नाणी दक्षिण भारतात, कोइमतूरच्या परिसरात पुष्कळ सापडली आहेत. त्यांतल्या एका प्रकारावर ढाल-भाले घेतलेले दोन तरुण आहेत, गायस आणि ल्युशियस. ते ऑगस्टसचे नातू, त्यानंच दत्तक घेतलेले. त्यांच्या नावांपुढे लिहिलंय : ‘नियोजित कॉन्सल’. चाळिशी ओलांडल्याशिवाय जे पद मिळत नसे, ते गायसला चौदा-पंधराव्या वर्षीच नेमून दिलं होतं. बसायचं पाच वर्षांनी. निवडणुकीचा शब्द नाण्यावर तसाच आहे, पण निवड घरातच झालेली आहे. प्रजासत्ताक संपल्याची तारीख शोधत बसण्यापेक्षा हे नाणं नीट वाचावं, असं आम्हाला वाटतं.

पुढच्या वेळी टायबेरियसपासून पुढे जाऊ.