चिकणमाती: ड्रेन्ड ताकद की अनड्रेन्ड?

चिकणमातीतून पाणी फार हळू निघतं. भार आल्यावर पाणी अडकलेलं असताना मिळते ती अनड्रेन्ड कातरताकद, cu. जादा दाब ओसरल्यावरची ती ड्रेन्ड.

समजा नवी मुंबईत खाडीलगतच्या मऊ मातीवर रस्त्याचा भराव टाकायचाय आणि cu आहे 15 किलोपास्कल.

```
5.14 × 15 ≈ 77
77 ÷ 18 ≈ 4.3
```

म्हणजे घनमीटरला 18 किलोन्यूटन वजनाचा भराव साधारण 4.3 मीटरवर खाली बसणार. 1.5 सुरक्षागुणक धरून मी 2.8 मीटरवर थांबेन. पुढे काही महिन्यांत पाणी निघतं, माती घट्ट होते. पिझोमीटरमधला दाब उतरला की मगच वरचा थर टाकायचा. इथे भराव टाकतानाचाच काळ धोक्याचा, म्हणून अनड्रेन्ड.

खोदकामात मात्र उलटं. वरचा भार काढला की मातीतल्या पाण्याचा दाब एकदम घटतो आणि उतार छान उभा राहतो. मग माती हळूहळू पाणी शोषून फुगते, ताकद घटत जाते. लंडन क्लेमधले रेल्वेचे काही उतार खोदल्यावर 50 वर्षांनी घसरलेत! कायमच्या उताराला म्हणूनच ड्रेन्ड, c′ आणि φ′. चार दिवसांत बुजवायच्या चराला cu चालतो, पण पावसाळ्यात तो उघडा राहणार असेल तर मी त्यावर विसंबणार नाही.