नववी पिन गेली तेव्हा

हान्स कामेन्झिंड हा मूळचा स्विस अभियंता कॅलिफोर्नियातल्या सिग्नेटिक्स कंपनीत होता. 1970 च्या सुमारास त्याने नोकरी सोडली आणि त्याच कंपनीचं काम कंत्राटावर घेतलं. काम होतं एका टायमर चिपचं. कंपनीतल्या काही अभियंत्यांना ही कल्पना पटली नव्हती. हाताशी असलेले सुटे भाग जोडून टायमर होतोच की, मग वेगळी चिप कशाला? विक्री विभागातल्या आर्ट फ्युरीला मात्र ती खपेल असं वाटत होतं. पुढे 555 हा आकडाही त्यानेच दिला. चिपच्या पोटात पाच-पाच किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत, म्हणून 555, ही व्युत्पत्ती कॉलेजांतून अजून सांगितली जाते. खुद्द कामेन्झिंडने ती नाकारली होती.

1971 च्या उन्हाळ्यात पहिला आराखडा तपासून झाला. त्यात कपॅसिटर भरण्यासाठी स्थिर करंट देणारं मंडल चिपच्या आतच होतं, आणि त्यापायी पिना झाल्या नऊ. आठ पिनांचं स्वस्त, छोटं वेष्टन मिळत होतं. नववी पिन आली की थेट चौदा पिनांच्या वेष्टनात उडी. मग कामेन्झिंडला सुचलं की हे मंडल काढून टाकावं आणि कपॅसिटर साध्या रेझिस्टरमधूनच भरावा. आठ पिनांचा नवा आराखडा मंजूर झाला, ऑक्टोबरमध्ये नमुने तयार झाले, 1972 मध्ये चिप बाजारात आली.

रेझिस्टरमधून भरणारा कपॅसिटर एका चालीने भरत नाही. सुरुवातीला भरभर, मग मंद. घड्याळासाठी हे वाईटच वाटेल. पण चिपमधले ते तीन सारखे रेझिस्टर पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान वाटे करतात. कपॅसिटर दोन तृतीयांशाला पोचला की एक तुलनाकार आउटपुट खाली पाडतो, एक तृतीयांशापर्यंत उतरला की दुसरा ते परत वर नेतो. भरताना कपॅसिटरला पुरवठ्यापर्यंत पोचायला दोन तृतीयांश अंतर उरलेलं असतं, ते एक तृतीयांशावर येतं, म्हणजे निम्मं होतं. उतरतानाही तेच, दोनाचा एक. हे निम्मं व्हायला लागणारा वेळ RC च्या 0.693 पट, कारण 2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम तेवढा आहे. पुरवठा 5 व्होल्ट असो वा 12, उंबरठे आणि करंट एकाच प्रमाणात वाढतात, वेळ तोच राहतो.

अस्थिर, म्हणजे अखंड हेलकावे घेणाऱ्या जोडणीत कपॅसिटर RA आणि RB या दोन्हींतून भरतो. रिकामा मात्र फक्त RB मधून, पिन 7 मार्गे होतो. म्हणून:

```
t1 = 0.693 (RA + RB) C
t2 = 0.693 RB C
f  = 1.44 / ((RA + 2RB) C)
D  = (RA + RB) / (RA + 2RB)
```

एक दिवा सेकंदाला एकदा लुकलुकवायचा आहे. RA 10 किलोओहम, RB 68 किलोओहम, C 10 मायक्रोफॅरड घेऊ. आउटपुट 0.54 सेकंद वर, 0.47 सेकंद खाली. वारंवारता जवळपास 1 हर्ट्झ, ड्युटी सायकल 53 टक्के. चालू करताच पहिली लुकलुक लांबते, कारण कपॅसिटर तेव्हा शून्यापासून निघतो: सुमारे 0.86 सेकंद. त्यात बिघाड काही नाही. पुढच्याही लुकलुका हिशेबापेक्षा मंद वाटल्या तर संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर घ्यावा. त्यावर छापलेली किंमत वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असणं नेहमीचंच.

ड्युटी सायकल 50 टक्क्यांखाली उतरत नाही, हे सूत्रातच दिसतं. वरच्या राशीत RA जास्तीचा आहेच. तो शून्य करायचा मोह घातक. रिकामं होण्याच्या काळात पिन 7 जमिनीला टेकलेली असते आणि सगळा पुरवठा RA वर येतो. 12 व्होल्टवर 100 ओहम लावले तर 120 मिलिअँपिअर नुसते वाया जातात, शून्य ओहम म्हणजे सरळ शॉर्ट.

यावर जुनी युक्ती अशी की RB ला समांतर एक डायोड जोडायचा. भरताना करंट RB ला वळसा घालून जातो, t1 मुख्यतः RA वर आणि t2 RB वर ठरतो, मग ड्युटी सायकल 20 टक्केही मिळते. पण डायोडवर पडणारं सुमारे 0.6 व्होल्ट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलत नाही. त्यामुळे भरतीचा गुणक 0.693 राहत नाही. 12 व्होल्टवर तो साधारण 0.78 होतो, 5 व्होल्टवर 0.94. नववी पिन काढताना पुरवठ्यापासून मिळालेली मोकळीक या एका डायोडपायी काही अंशी हातची जाते, आणि बॅटरी उतरत गेली की चालू-बंदचा ठेका बदलतो.