चाळिशीच्या आतला लकवा आणि बिडी-सिगारेट

लकवा म्हणजे म्हातारपणाचा आजार, असं माहूरमध्ये आम्हीही समजायचो. वयस्कांत तो बहुधा बीपी, शुगर किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे येतो. चाळिशीच्या आत धोका एकूण कमीच. पण धुरामुळे रक्तात गुठळी लवकर धरते, अन् रोजच्या बिड्या वाढतील तसा धोकाही वाढतो.

समजा, सकाळी सातला तिशीतल्या पोराच्या हातून चहाचा कप सुटला, तोंड वाकडं झालं, जीभ जडावली. घरचे म्हणतात, 'जागरण झालंय, झोपू द्या.' इथेच घात होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत, म्हणजे साडेअकराच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन पाहूनच. नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. म्हणून लगेच १०८ ला फोन करावा. दहा मिनिटांत हात आपोआप सुधारला तरी जायचंच, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.