आयकर परताव्यावरील व्याजाची नोंद

आयकर परतावा व्याजासह मिळाल्यावर त्या रकमेची पुस्तकात दोन भागांत विभागणी करावी लागते. मूळ परतावा हे उत्पन्न नव्हे. तो आधीच भरलेल्या जादा कराची परतफेड असतो. व्याज मात्र त्या वर्षाचे उत्पन्न ठरते व 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली करपात्र असते.

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २४४ए नुसार उगमकरातून उद्भवलेल्या परताव्यावर दरमहा अर्धा टक्का सरळव्याज मिळते. विवरणपत्र मुदतीत भरल्यास ते कर निर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात आणि महिन्याचा अंशही पूर्ण महिना धरतात. परतावा निर्धारित कराच्या दहा टक्क्यांहून कमी असल्यास व्याज मिळत नाही.

समजा, मुळशी तालुक्यातील जांबे येथील एका भागीदारी संस्थेच्या पुस्तकात २०२३-२४ या वर्षाचा 'आयकर परतावा येणे' २४,००० रुपये आहे. विवरणपत्र मुदतीत भरले आणि परतावा १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर झाला. महिने सहा, म्हणून व्याज ७२० रुपये. बँकेत २४,७२० रुपये एकत्रच जमा होतात, आणि घोटाळा येथेच होतो.




योग्य नोंद अशी:

बँक खाते नावे २४,७२०
आयकर परतावा येणे खाते जमा २४,०००
परताव्यावरील व्याज खाते जमा ७२०

सर्व रक्कम येणे खात्यात जमा केल्यास तेथे ७२० रुपयांची उलटी, म्हणजे जमा बाकी राहते. सर्व रक्कम उत्पन्न मानल्यास न उरलेले येणे ताळेबंदात तसेच दिसत राहते. विभागणीचे आकडे कलम १४३(१) च्या सूचनापत्रात मिळतात. बँकेच्या पासबुकात ते नसतात.